प्रमाणाचे विश्वासांतराल : वृत्तपत्रीय कात्रणावरून काढणे व त्याचा अर्थ

समष्टीतील एखाद्या गटाचे खरे प्रमाण कोणत्या दोन मर्यादांच्या दरम्यान असावे, याचा नमुन्यावरून बांधलेला अंदाज म्हणजे प्रमाणाचे विश्वासांतराल. वृत्तपत्रातील सर्वेक्षणाच्या बातमीत ते सहसा छापलेले नसते. मात्र बातमीत टक्केवारी आणि उत्तरे देणाऱ्यांची संख्या असेल, तर वाचकाला ते स्वतः काढता येते.

उदाहरणार्थ, कात्रणाच्या छायाचित्रात ‘निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा’ असा मथळा, त्याखाली ५४ टक्के हा आकडा आणि तळाशी बारीक अक्षरांत नमुन्याची संख्या व ‘त्रुटीची मर्यादा ±३.४’ असा मजकूर आहे. फोटो धूसर असल्याने संख्या ८१२ आहे की ८७२, हे कळत नाही. अशा वेळी छापलेली त्रुटीमर्यादाच पडताळ्याला उपयोगी पडते. ही मर्यादा बहुधा प्रमाण ५० टक्के धरून काढलेली असते, म्हणजे ०.९८ ला संख्येच्या वर्गमुळाने भागून. ८१२ ला उत्तर ३.४ टक्के येते, तर ८७२ ला ३.३. तेव्हा वाचन ८१२ असेच घ्यावे.

नेहमीचे सूत्र असे :

```
p ± 1.96 × √( p(1 − p) / n )
```

येथे p म्हणजे नमुन्यातील प्रमाण ०.५४ आणि n म्हणजे नमुन्याची संख्या ८१२. ०.५४ × ०.४६ = ०.२४८४, त्याला ८१२ ने भागून वर्गमूळ घेतले की मानक त्रुटी सुमारे ०.०१७५ येते. ९५ टक्के विश्वासासाठी ठरलेल्या १.९६ ने गुणल्यावर ०.०३४ मिळते. म्हणून ९५ टक्के विश्वासांतराल ५०.६ ते ५७.४ टक्के. बातमीतला ५४ हा आकडा पूर्णांकात आणलेला असतो, हे येथे विसरता कामा नये. प्रत्यक्षात पाठिंबा देणारे ४३५ ते ४४२ यांपैकी कितीही असू शकतात. ४३५ धरल्यास खालची मर्यादा ५०.१ वर येते. मथळा तरतो, पण जेमतेम.

हे गणित साध्या यादृच्छिक नमुन्याचे आहे. वृत्तपत्रांतील बहुतेक सर्वेक्षणांत वय, लिंग, शिक्षण यांनुसार उत्तरांना भार दिलेले असतात आणि भार असमान असले की त्रुटी वाढते. त्यामुळे प्रचरण, म्हणजे मानक त्रुटीचा वर्ग, दीडपट झाले असे मानल्यास ±३.४ चे ±४.२ होतात आणि अंतराल ४९.८ पासून सुरू होते. म्हणजे ‘निम्म्याहून अधिक’ हा दावा नमुन्याच्या आधारे ठामपणे करता येत नाही. कात्रणात भारांचा उल्लेख असून त्रुटीमर्यादा मात्र वरच्या साध्या सूत्राशी तंतोतंत जुळत असेल, तर भारांचा परिणाम तीत धरलेला नाही असे समजण्यास हरकत नाही. उत्तर देण्यास नकार देणाऱ्यांमुळे किंवा प्रश्नाच्या कलत्या शब्दरचनेमुळे येणारा दोष तर या अंतरालात मुळीच मोजला जात नाही.

‘खरे प्रमाण ५०.६ ते ५७.४ मध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के’ हे वाचन सर्रास आढळते. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांच्या मांडणीनुसार ते चुकीचे ठरते. ९५ टक्के हा आकडा पद्धतीचा आहे : त्याच रीतीने पुनःपुन्हा नमुने घेऊन दरवेळी अंतराल काढले, तर दर शंभरांतील सुमारे ९५ अंतरालांत खरे प्रमाण सापडेल. हातातले अंतराल त्यांपैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे त्यावरून सांगता येत नाही. बेझच्या पद्धतीत आधीची संभाव्यता गृहीत धरून पहिल्यासारखे विधान करता येते; पण तेव्हा ते गृहीतक उघड सांगावे लागते.

संकल्पनेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. वरील सूत्राला अब्राहम वाल्ड यांचे नाव चिकटले असले, तरी त्याचा गाभा लाप्लास यांच्या १८१२ च्या संभाव्यताविषयक ग्रंथात आढळतो. ‘विश्वासांतराल’ ही संज्ञा नेमन यांनी १९३४ मध्ये वापरली व १९३७ मध्ये तिचा पूर्ण सिद्धांत मांडला. एडविन विल्सन यांनी मात्र १९२७ मध्येच संभाव्यता नमुन्याकडे लावावी, अज्ञात प्रमाणाकडे नव्हे, असा सावध अर्थ दिला होता. त्यामुळे निदान प्रमाणापुरते तरी अग्रमान त्यांना देणे अधिक योग्य वाटते.

विल्सन यांचे सूत्र व्यवहारातही सरस आहे. ८१२ च्या नमुन्यात दोन्ही सूत्रांच्या मर्यादांत नगण्य फरक पडतो, पण कात्रणातल्या उपगटांच्या तक्त्यात तो ठळकपणे दिसतो. ४० जणांच्या उपगटात दोघांनी, म्हणजे ५ टक्क्यांनी, ‘सांगता येत नाही’ असे उत्तर दिले, तर नेहमीचे सूत्र उणे १.८ ते ११.८ असे निरर्थक अंतराल देते. विल्सन यांचे १.४ ते १६.५. क्लॉपर व पिअरसन यांची १९३४ ची ‘अचूक’ रीतही वापरात आहे, पण तिचे अंतराल गरजेपेक्षा रुंद येते. उपगटाची फक्त टक्केवारी छापलेली असेल आणि त्यातील माणसांची संख्या नसेल, तर कोणतेच सूत्र लावता येत नाही.