टी ट्री तेल: कार्बोलिकच्या अकरा पटींपासून शाम्पूतल्या एका टक्क्यापर्यंत

टी ट्री तेल म्हणजे चहाच्या पानांचं तेल, असं समजणारी माणसं अजून भेटतात. या तेलाचा चहाशी काही संबंध नाही. १७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लोकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एका झुडपाची पानं उकळून चहासारखी प्यायली आणि तिथल्या अशा बऱ्याच झाडांना सरसकट ‘टी ट्री’ हे नाव चिकटलं. आज बाटलीत मिळतं ते तेल मेलाल्युका अल्टर्निफोलिया या झाडाचं. हे झाड न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या दलदलीच्या पट्ट्यात मूळचं वाढतं. तिथले बुंजालुंग लोक त्याची पानं ठेचून जखमेवर आणि त्वचेच्या विकारांवर बांधत. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं कायापुटीचं तेल याच मेलाल्युका वंशातल्या दुसऱ्या झाडाचं आहे.

ठेचलेला पाला बांधणं आणि बाटलीतलं तेल लावणं, यात मोठा फरक आहे. पाल्यात तेलाचं प्रमाण थोडं असतं, बाकी सगळं पाणी आणि चोथा. ऊर्ध्वपातनात वाफेवर पानांतलं तेल काढून घेतलं की तोच पदार्थ कितीतरी पटींनी तीव्र होतो. म्हणून ‘आदिवासी शेकडो वर्षं वापरतात, म्हणजे सुरक्षितच’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. त्यांनी वापरला तो पाला होता.

तेलाचं नाव झालं ते १९२०च्या दशकात. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड ऑस्ट्रेलियन झाडांची तेलं तपासत होते. त्यांना हे तेल कार्बोलिक आम्लाच्या सुमारे ११ पट जंतुनाशक आढळलं. त्या काळात कार्बोलिक हे जंतुनाशकांचं माप होतं. कुठलंही नवं जंतुनाशक आलं की परीक्षानळीत दोन्ही शेजारी ठेवत आणि ठरलेल्या मिनिटांत जंतू मारायला कुठलं किती पातळ करून पुरतं ते बघत. चाचणी जंतूंची होती. त्वचेला काय होतं, हा प्रश्नच तिच्यात नव्हता. १९३० साली ऑस्ट्रेलियन वैद्यकीय नियतकालिकात घाणेरड्या जखमांवर तेलाचा चांगला उपयोग झाल्याची टिपणं आली आणि ‘अकरा पट’ हा आकडा माणसाच्या अंगाला लावायच्या औषधाची शिफारस म्हणून फिरायला लागला.

पुढे प्रतिजैविकं आली आणि तेल मागे पडलं. १९७०च्या दशकात नैसर्गिक वस्तूंची मागणी वाढली, तेव्हा त्याच भागात, बंगावलबिन खाडीच्या परिसरात, पद्धतशीर लागवड सुरू झाली. उत्पादन वाढलं तशी दर्जा ठरवायची गरज आली. १९८५च्या ऑस्ट्रेलियन मानकाने दोन घटकांवर बोट ठेवलं: टर्पिनेन-४-ऑल किमान ३० टक्के हवं आणि सिनिओल १५ टक्क्यांहून जास्त नको. पहिला घटक जंतू मारतो. दुसरा, निलगिरीच्या वासातला मुख्य घटक, त्वचेला झोंबतो अशी तेव्हाची समजूत होती. उत्पादक वर्षानुवर्षं सिनिओल कमी करण्याच्या मागे लागले. नंतर माणसांच्या त्वचेवर मुद्दाम सिनिओल लावून पाहिलं, तर त्याने विशेष दाह झालाच नाही. इतकी वर्षं संशय भलत्यावरच होता.

खरा गुन्हेगार सापडला तो ॲलर्जीच्या तक्रारींमधून. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे टी ट्री तेलाने पुरळ उठलेले रुग्ण येऊ लागले. संशयित पदार्थाची पट्टी त्वचेवर चिकटवून प्रतिक्रिया बघायच्या पॅच टेस्टमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली: ताज्या तेलापेक्षा जुन्या, उघड्या राहिलेल्या तेलाची प्रतिक्रिया जास्त जोरात येत होती. या तेलातले अल्फा-टर्पिनिन, टर्पिनोलीन यांसारखे घटक हवा, उजेड आणि उष्णता मिळाली की ऑक्सिजनशी संयोग पावतात. पेरॉक्साइडं, ॲस्करिडोल अशी नवी रसायनं तयार होतात आणि ॲलर्जी जागवण्यात ती फार पुढे असतात. हे व्हायला वर्षं लागत नाहीत. बाटली उघडी, उजेडात राहिली तर काही दिवसांत सुरुवात होते. म्हणून आज त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टला मुद्दाम ऑक्सिडाइझ झालेलं, पेट्रोलॅटममध्ये ५ टक्के मिसळलेलं तेल वापरतात.

हे मी माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर पाहिलंय. दोन उन्हाळे ती हनुवटीवरच्या पुटकुळ्यांना कापसाच्या बोळ्याने हेच तेल लावत होती, नुसतं, काही न मिसळता. काहीही झालं नाही. बाटली न्हाणीघराच्या खिडकीत, पूर्वेच्या उन्हात, टोपण अर्धवट फिरवलेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने तळाशी उरलेलं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हनुवटीला खाज आली आणि त्याच्या पुढच्या सकाळी पापण्या सुजल्या, जिथे तिने तेल लावलंच नव्हतं. बाटली मी हुंगली. ताज्या तेलाचा कापूर-वेलदोड्यासारखा स्वच्छ वास गेला होता आणि टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येत होता. डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. आता तिला शाम्पू घेतानासुद्धा घटकांच्या यादीत ‘मेलाल्युका अल्टर्निफोलिया लीफ ऑइल’ आहे का ते बघावं लागतं, कारण एकदा शरीराने ओळख धरली की अगदी थोडं तेलही पुरतं.

तिची गोष्ट सांगितली, कारण ‘मी दोन वर्षं वापरतेय, मला सोसतं’ हे वाक्य ॲलर्जीच्या बाबतीत भरवशाचं नाही. दाह आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीव्र तेलाने होणारा दाह लगेच, काही मिनिटांत किंवा तासांत जाणवतो. तो लावलेल्या जागेपुरता राहतो आणि तेल पातळ केलं की कमी होतो. ॲलर्जी आधी गुपचूप तयार होते आणि नंतरच्या एखाद्या वापरानंतर एक ते तीन दिवसांनी उठते. खाज जास्त असते, कडा पसरतात, कधी दूरच्या नाजूक त्वचेवरही दिसते. घरी चाचणी करायची तर मिसळलेलंच तेल कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघावं. एका रात्रीची चाचणी पुरत नाही. नुसत्या तेलाने चाचणी तर करूच नये, त्या चाचणीनेच ॲलर्जी जडू शकते.

आता प्रमाण. १९९० साली ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या १२४ रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना ५ टक्के टी ट्री जेल, अर्ध्यांना मुरुमांवरचं नेहमीचं औषध, ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी मुरुम कमी झाले, टी ट्रीने जरा सावकाश. टी ट्रीची बाजू घेणारे सांगतात की त्रास त्यात कमी झाला, आणि ते खरंच आहे: ७९ टक्क्यांच्या जागी ४४. पण ४४ टक्के म्हणजे दहातल्या चार जणांहून जास्त लोकांनी कोरडेपणा, जळजळ असं काहीतरी नोंदवलं, तेही वैद्यकीय देखरेखीत बनवलेल्या जेलने. २००२ मध्ये युरोपातल्या सौंदर्यप्रसाधन उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना तयार मालात १ टक्क्याहून जास्त टी ट्री घालू नका आणि तेल ऑक्सिडाइझ होणार नाही अशी काळजी घ्या, असं सांगितलं.

घरात हा हिशेब कसा चुकतो ते बघा. दोनशे मिलीच्या शाम्पूत कोणी दहा मिलीची अख्खी बाटली ओतली, तर प्रमाण जवळजवळ पावणेपाच टक्के होतं. एक टक्का हवा तर दोनच मिली. शंभर मिली खोबरेल तेलात एक मिली. थेंब मोजण्यात अर्थ नाही, कारण बाटलीच्या तोंडावर अवलंबून एका मिलीत कुठे वीस थेंब पडतात, कुठे तीस-पस्तीस. औषधाच्या दुकानात मिळणारी एक मिलीची सिरिंज जास्त खरी. आणि पाण्यात मिसळणं म्हणजे मिसळणं नव्हेच. बादलीत टाकलेले थेंब वर तवंग धरतात, आणि अंगावर तांब्या घेतला की तेच तीव्र तेल, न पातळ झालेलं, पाठीला किंवा मांड्यांना चिकटतं.

लहान मुलांचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे, आणि तो मुख्यतः त्वचेचा नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. एक २३ महिन्यांचा, दुसरा १७ महिन्यांचा. दोघांनीही नुसतं टी ट्री तेल गिळलं होतं, दहा मिलीहून कमी. दोघांचा तोल जाऊ लागला, चालता येईना, एक गोंधळल्यासारखा झाला, दुसरा पेंगायला लागला. दोघेही बरे झाले. दहा मिली म्हणजे दोन चहाचे चमचे, दुकानात मिळणारी एक छोटी बाटली. ऑस्ट्रेलियाच्या विषनियमांत म्हणूनच हे तेल आहे, आणि औषधी वापराच्या छोट्या बाटल्यांच्या तोंडाशी एकेक थेंबच पडेल अशी बूच बसवतात. आपल्याकडे विकत घेताना ही बूच आहे का, हे बघणं सोपं आहे.

हाच नियम आपल्या घरातल्या जुन्या ओळखीच्या तेलांनाही लागू आहे. सर्दी झाली की बाळाच्या रुमालावर निलगिरी, छातीला कापूर चोळायची सवय आपल्या आजीपासूनची आहे. पण निलगिरी आणि कापूर गिळल्याने मुलांना झटके आल्याच्या नोंदी भारतातही आहेत. तान्ह्या बाळाच्या नाकाशी असा उग्र वास नेला तर श्वासाची वाट एकदम आखडू शकते. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवणं वेगळं आणि बाळाच्या नाकपुडीला तेल लावणं वेगळं.

२००७ मध्ये आणखी एक प्रकरण गाजलं. वयात न आलेल्या तीन मुलग्यांच्या छातीला सूज आली. तिघेही लॅव्हेंडर असलेली प्रसाधनं वापरत होते, एकाच्या जेल आणि शाम्पूत टी ट्रीही होतं. वापर थांबवल्यावर सूज उतरली, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर या तेलांचा संप्रेरकांसारखा परिणाम दिसला. अनेक पालकांनी तेव्हा ही तेलं टाकून दिली. पण त्या उत्पादनांत तेल नेमकं किती होतं ते मोजलेलं नव्हतं, आणि पेशींवर थेट टाकलेलं तेल आणि त्वचेतून आत शिरणारं तेल यांत मोठं अंतर असतं. पुढे शेकडो मुलांवर केलेल्या तुलनेत या तेलांच्या वापराने असा त्रास वाढलेला आढळला नाही. मला विचाराल तर लहान मुलाच्या अंगाला सुगंधी तेल रोज लावायची गरजच नाही, पण ज्यांनी अधूनमधून लावलं त्यांनी या भीतीने झोप उडवून घेऊ नये.

मुलाने तेल प्यायलं असेल तर उलटी काढू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. मूल पेंगतंय का, पाय लडबडतायत का, खोकतंय का याची वाट न बघता, बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयात जावं, म्हणजे डॉक्टरांना कुठलं तेल आणि किती गेलं असेल हे कळतं. आणि घरात तेल ठेवायचंच असेल तर गडद काचेची बाटली, घट्ट टोपण, उन्हापासून दूर, मुलाच्या हाताबाहेर. उघडल्याची तारीख बाटलीवरच मार्करने लिहावी. वास उग्र झाला किंवा उघडून वर्ष झालं, की उरलेलं अंगाला लावू नये.