अंतर्गत बढतीचा अर्ज: मागच्या अप्रेझलनंतरचं काम रेझ्युमेत कसं मांडायचं

कारखान्यात आयजेपी, म्हणजे अंतर्गत भरतीची सूचना, लागली की बरेच जण नोकरीला लागताना दिलेला रेझ्युमे शोधून काढतात, वर हल्लीचं पद टाकतात आणि तोच अपलोड करतात. पाच-सात वर्षं चांगलं काम केलेली माणसं अशी पहिल्याच छाननीत बाद होताना मी पाहिली आहेत. तुमची पदवी, रुजू झाल्याची तारीख, जुनी रेटिंग्ज हे सगळं एचआरकडे आधीच असतं. निवड समितीला बघायचं असतं ते एवढंच, की मागच्या अप्रेझलनंतर तुमच्या कामात काय वाढलं आणि त्यातून काय निघालं.

पात्रतेच्या अटी साधारण सगळीकडे सारख्याच असतात. सध्याच्या पदावर ठरावीक काळ पूर्ण झालेला असावा, शेवटचं रेटिंग किमान समाधानकारक असावं, शिस्तभंगाची कारवाई चालू नसावी आणि रिपोर्टिंग मॅनेजरची संमती असावी. यातला ‘ठरावीक काळ’ कोणत्या तारखेला मोजायचा, हे सूचनेत नीट वाचा. काही कंपन्या तो सूचनेच्या तारखेला मोजतात, काही अर्जाच्या शेवटच्या तारखेला. तारीख दिलेलीच नसेल तर एचआरला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एका ओळीची ही माहिती सूचनेतच द्यायला काय जातं, कळत नाही, पण ती नसल्याचा भुर्दंड अर्जदारालाच पडतो.

‘मागच्या अप्रेझलपासून’ म्हणजे कधीपासून?

सर्वाधिक घोटाळा इथे होतो. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपनीत अप्रेझलचं पत्र बहुधा जून-जुलैत हातात पडतं. लोक पत्राची तारीख धरतात. पण मूल्यमापन झालेलं असतं ते 31 मार्चपर्यंतच्या कामाचं. म्हणजे तुमचा नवा हिशेब 1 एप्रिलपासून सुरू होतो. पत्राची तारीख धरली तर एप्रिल ते जूनचं काम कुठेच नोंदलं जात नाही, ना जुन्या अप्रेझलमध्ये, ना नव्या अर्जात. याच्या उलट, फेब्रुवारी-मार्चमध्ये संपलेलं काम पुन्हा नवं म्हणून लिहू नका. समितीसमोर तुमचा जुना फॉर्म असतो, आणि एक मुद्दा दोनदा दिसला की बाकीच्या मुद्द्यांवरचा विश्वासही डळमळतो. काम मार्चआधी सुरू होऊन नंतर पूर्ण झालं असेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि एप्रिलनंतरचाच भाग मोजा.

जो कागद कुणाकडेच नसतो

वाढीव जबाबदारी आपल्याकडे तोंडी येते. सहकारी सोडून गेला, साहेब म्हणाले ‘जरा स्पेअरचं तू बघ’, आणि तेव्हापासून स्पेअर पार्ट्सचा साठा तुम्हीच बघताय. पत्र निघत नाही, पदनाम बदलत नाही. मग अर्जात पुरावा मागितला की माणूस गडबडतो.

तुमच्या कारखान्याला आयएसओ 9001 किंवा आयएटीएफ 16949 चं प्रमाणपत्र असेल, तर कुणाची काय जबाबदारी आणि काय अधिकार हे ठरवून संबंधितांना कळवणं त्या मानकांनुसार बंधनकारकच आहे. त्यामुळे विभागाच्या क्वालिटी फाइलमध्ये जबाबदारीचा तक्ता किंवा ऑर्गनायझेशन चार्ट बहुधा सापडतो. त्याची नवी आवृत्ती कधी निघाली आणि त्यात तुमचं नाव आहे का, ते बघा. तिथे नसेल तर अंतर्गत ऑडिटच्या अहवालात त्या विषयाचे ऑडिटी म्हणून तुमची सही असू शकते. खरेदी मागणीला सिस्टीममध्ये मंजुरी देण्याचा अधिकार तुम्हाला कधी मिळाला, त्याची तारीख आयटीकडून कळते. शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षण नोंदींवर प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव असतं. यातलं काहीच नसेल, तर साहेबांना आज साधा मेल करा: ‘मे महिन्यापासून प्रेस शॉपच्या स्पेअर साठ्याचं काम मी पाहत आहे, कृपया दुजोरा द्यावा.’ त्यांचं एका शब्दाचं उत्तरही चालतं. मागची तारीख टाकून पत्र मात्र करून घेऊ नका. असा कागद उघडा पडला तर बढती राहते बाजूला, चौकशी मागे लागते.

आकडा कसा लिहायचा

समजा, प्रेस शॉपच्या मेंटेनन्समधला एक सीनियर इंजिनियर असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी जानेवारी 2026 मध्ये अर्ज करतोय. पहिल्या मसुद्यात तो लिहितो, ‘ब्रेकडाऊनमध्ये लक्षणीय घट केली.’ यातून काहीच कळत नाही. मग तो आकडे काढतो: 2024-25 मध्ये विभागातली सगळी मशीनं मिळून महिन्याला सरासरी 42 तास बंद होती, एप्रिल ते डिसेंबर 2025 मध्ये 27 तास. तरीही प्लँट हेड विचारणारच, ‘या वर्षी मशीनं चाललीच कमी असतील तर?’ म्हणून चालू तास सोबत हवेत. आधी सगळ्या मशीनचे मिळून महिन्याला 1,400 तास नियोजित होते, आता 1,350. म्हणजे बंद वेळ 3 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आली. हा आकडा प्रश्नाला टिकतो.

दोन्ही काळांचे आकडे एकाच रजिस्टरमधून घ्या. प्रॉडक्शनवाले मशीन थांबल्यापासून वेळ मोजतात, मेंटेनन्सवाले अनेकदा स्लिप हातात आल्यापासून. एक आकडा इकडचा आणि एक तिकडचा घेतला तर सुधारणा नसताना दिसते, आणि समितीत प्रॉडक्शनचा माणूस असतोच.

मग तुमचा वाटा. अख्ख्या विभागाचं यश एकट्याच्या नावावर लिहिलं तर मुलाखतीत सहकाऱ्यांसमोर पंचाईत होते; सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं तर तुम्ही काय केलं तेच कळत नाही. या इंजिनियरची नोंद शेवटी अशी झाली:

> एप्रिल–डिसेंबर 2025, हायड्रॉलिक प्रेस विभाग. सील फुटल्यावर बदलण्याऐवजी ठरावीक चालू तासांनंतर बदलण्याचं वेळापत्रक मी तयार केलं. अंमलबजावणी तिन्ही शिफ्टच्या तंत्रज्ञांनी केली. बंद वेळ नियोजित तासांच्या 3 टक्क्यांवरून 2 टक्के (स्रोत: प्रॉडक्शनचा मासिक अहवाल). मे 2025 पासून स्पेअर साठ्याची वाढीव जबाबदारी.

अशा तीन-चार नोंदी पुरेत. रेझ्युमे दोन पानांच्या आत ठेवा, कंपनीचा नमुना असेल तर तोच वापरा, आणि जुन्या नोकऱ्या प्रत्येकी एका ओळीत उरका.

शेवटची तारीख तुमची एकट्याची नसते

पोर्टलवर तुम्ही ‘सबमिट’ दाबलं की अनेक ठिकाणी अर्ज मॅनेजरच्या मंजुरीसाठी थांबतो. मुदत संपेपर्यंत त्यांनी मंजुरी दिली नाही, तर तुम्ही वेळेत भरलेला अर्जही बाद होऊ शकतो. साहेब रजेवर किंवा ग्राहकाकडे ऑडिटला गेलेले असतात आणि माणूस इकडे निर्धास्त असतो. म्हणून अर्ज करण्याआधीच त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला, आकडे दाखवा आणि निदान चार दिवस हातात ठेवून सबमिट करा. नंतर रोज स्थिती बघा. साहेब मुद्दाम अडवतायत असं वाटलं, तर मुदत संपण्याआधी एचआरला लेखी कळवा. संपल्यानंतरच्या तक्रारीवर पोर्टल पुन्हा उघडून दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.