५००० मीटरवरच्या कॅम्पला निघताय? आधी तिथल्या हवेबद्दल वाचा

आमच्यासोबत उंचावर येणारे जवळपास सगळेच विचारतात की वर ऑक्सिजन किती टक्के असतो. टक्के तेवढेच असतात, खाली २१ आणि वरही २१. कमी होतो तो हवेचा दाब, आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं.

हवेला वजन आहे, आणि आपल्या डोक्यावर जितकी हवा उभी तितका तिचा दाब. गाद्यांची थप्पी लावली की सगळ्यात खालची गादी जास्त दबते, तसंच समुद्रालगतची हवा सगळ्यात जास्त दाबली गेलेली आणि म्हणून दाट. त्यामुळे दाब सारख्या वेगाने उतरत नाही, सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू. समुद्रसपाटीला साधारण १०१३ हेक्टोपास्कल, ५००० मीटरवर सुमारे ५४०, आणि ५५०० च्या आसपास पोचलात की निम्मी हवा तुमच्या पायाखाली गेलेली असते. थंड हवा आणखी दाट, ती खालीच बसते, म्हणून हिवाळ्यात त्याच शिखरावर दाब उन्हाळ्यापेक्षा कमी भरतो आणि शरीराला डोंगर आणखी उंच झाल्यासारखा वाटतो.

आता श्वासाचं बघू. आत घेतलेली हवा फुफ्फुसात पोचेपर्यंत ओली होते, आणि त्या वाफेचा दाब कुठेही गेलात तरी तेवढाच, सुमारे ६३ हेक्टोपास्कल, तो वजा करून जे उरतं त्याचे २१ टक्के म्हणजे तुमच्या वाट्याचा ऑक्सिजन. खाली हा आकडा २०० च्या आसपास, ५००० मीटरवर १०० च्या आसपास, म्हणजे सरळ निम्मा. शरीर लगेच जोरात श्वास घ्यायला लागतं पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं आणि मेंदू उलट श्वासाला ब्रेक लावतो. रात्री टेंटमध्ये शेजारचा माणूस काही सेकंद श्वासच घेत नाही आणि मग एकदम मोठे श्वास घेतो, ते यामुळेच, घाबरू नका. किडनी हे बॅलन्स दुरुस्त करते पण तिला काही दिवस लागतात आणि ते दिवस फिटनेसने वाचत नाहीत. म्हणूनच ३००० मीटरच्या वर आम्ही झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवत नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबतो, कुणी कितीही आग्रह केला तरी.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, बोलणं विस्कळीत होत असेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळपर्यंत वाट बघू, हा विचार सगळ्यात धोकादायक.

किचन टेंटमध्ये पाणी लवकर उकळतं म्हणून लोक खूश होतात, पण तिथे ते ८३ अंशालाच उकळतं. वरून हवा कमी दाबते म्हणून वाफेचे बुडबुडे लवकर सुटतात, आणि एकदा उकळी आली की गॅस कितीही मोठा करा, तापमान तिथेच, फक्त गॅस संपतो. उघड्या भांड्यात डाळ, कडधान्य शिजतच नाही म्हटलं तरी चालेल. कुकर लागतोच, आणि तोही खालच्यासारखा काम करत नाही. शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर साधारण एक वातावरण एवढा दाब चढवतं, खाली त्याने आत १२१ अंशाच्या आसपास तापमान जातं, तर ५००० मीटरवर जेमतेम ११२. म्हणून वेळ वाढवायचा. पिण्याचं पाणी मात्र ८३ अंशालाही निर्जंतुक होतं, फक्त खळखळ उकळी तीन मिनिटं टिकू द्या.

हवामानाचंही मूळ हेच आहे. हवा वर चढताना कमी दाबात पसरते आणि पसरताना गार होते. एकंदरीत हजार मीटरला साडेसहा अंश धरा, म्हणजे समुद्रसपाटीला ३० अंश असेल तर कॅम्पवर शून्याच्या खाली. दुपारी उन्हाने तापलेले उतार दमट हवा वर ढकलतात, ती गार होऊन ढग बनतात, म्हणून आम्ही पहाटे निघतो आणि दुपारच्या आत उतरायला लागतो.

तुमच्या घड्याळात अल्टिमीटर असेल तर झोपताना आकडा बघून ठेवा. ते उंची दाबावरूनच मोजतं, आणि या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १४ मीटर. तुम्ही टेंटमधून हलला नाहीत आणि सकाळी ते ६० मीटर जास्त दाखवतंय, तर दाब चारेक हेक्टोपास्कलने उतरलाय. असं दिसलं तर आकाश निळंशार असलं तरी निघायच्या आधी लीडरला सांगा.