स्क्रीनवर FIX आहे, तरी नकाशा सरकतो कसा?

आरटीके ड्रोन घेतलेल्या ग्राहकांचा हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

साधा जीपीएस काही मीटरने चुकतो कारण उपग्रहाच्या घड्याळातली बारीक चूक आणि वातावरणातून येताना सिग्नलला होणारा उशीर हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. जमिनीवर एका जागी उभ्या केलेल्या जीपीएस रिसीव्हरला, म्हणजे बेसला पण जवळपास तेवढाच फटका बसतो, म्हणून तो ड्रोनला सतत करेक्शन डेटा पाठवतो आणि दोघांची सारखी चूक वजा होते. FIX आलं म्हणजे ड्रोन बेसपासून किती लांब, किती वर हे एक-दोन सेंटीमीटरपर्यंत कळलं, उंचीत थोडं जास्त धरा.

पण हे सगळं बेसपासून मोजलेलं आहे बरं का! बेस स्वतः कुठे आहे ते तुम्ही सांगायचं असतं, आणि ते चुकलं तर अख्खा नकाशा तेवढाच सरकतो, स्क्रीनवर मात्र FIX ते FIX च राहतं.

समजा खडीच्या ढिगाचं दर महिन्याला मोजमाप आहे. दोन्ही वेळा बेस उभा केला आणि कोऑर्डिनेट न टाकता त्यालाच पाच मिनिटांची सरासरी काढू दिली. अशा सरासरीत मीटर-दीड मीटरचा फरक सहज पडतो, उंचीत तर आणखी. दुसऱ्या महिन्यात बेसची उंची ६० सेंटीमीटर जास्त आली, दोन्ही महिन्यांचे नकाशे एकमेकांतून वजा केले आणि ढिगाचा तळ २००० चौरस मीटर असला, तर ०.६ गुणिले २००० म्हणजे १२०० घनमीटर खडी नुसती कागदावर वाढली!

हे ओळखायचं कसं, तर दोन्ही महिन्यांत न बदललेला काँक्रीटचा भाग बघा. सगळीकडे एकाच दिशेने, एकसारखा फरक असेल तर बेसचं कोऑर्डिनेट किंवा अँटेनाची उंची चुकली आहे, आणि इकडे थोडा तिकडे थोडा असेल तर उड्डाणात मधेमधे FIX जाऊन FLOAT, म्हणजे कमी अचूक पोझिशन आली असणार, ते लॉगमध्ये दिसतं.

उपाय सोपा आहे, जमिनीत पक्का खिळा ठोका, त्याचं कोऑर्डिनेट एकदाच नीट काढून घ्या आणि दर वेळी बेस त्याच्यावरच लावून तोच आकडा टाका. खिळ्यापासून अँटेनाची उंची प्रत्येक वेळी टेपने मोजा कारण ट्रायपॉड रोज वेगळ्या उंचीला बसतो, आणि उंची टाकायची विसरली तर नकाशाच्या उंचीत सरळ तेवढाच फरक येतो.

आधीच चुकलं असेल तरी परत उडवायची गरज नाही, बेसचा खरा आकडा आणि टाकलेला आकडा यातला फरक काढून सगळ्या फोटोंच्या पोझिशनला लावा, मग मॉडेल पुन्हा प्रोसेस करा. FLOAT मधले फोटो मात्र असे सरकवून सुधारत नाहीत, त्यांना पीपीके, म्हणजे उड्डाणानंतर ड्रोनचं आणि बेसचं रेकॉर्डिंग जुळवून पोझिशन पुन्हा काढणं लागतं, आणि त्यासाठी बेसचं रेकॉर्डिंग उड्डाणाच्या आधी सुरू करून ड्रोन उतरल्यावरच बंद केलेलं असायला हवं.