लसीकरण कार्डाच्या छायाचित्राचे वाचन

लसीकरण कार्डाच्या छायाचित्राचे वाचन : बालकाच्या लसीकरण कार्डाचा फोटो पाहून त्यातील कोणते डोस प्रत्यक्ष दिले गेले आणि पुढचे कोणत्या तारखांना द्यायचे, याची यादी करण्याची पद्धत. कार्ड घरी असते आणि नोंद तपासणारा दुसरीकडे, तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते. लसीकरणाच्या व्याप्तीचे सर्वेक्षण करणारेही कार्डांचे फोटो काढून ठेवतात आणि शंका आल्यास ते पुन्हा वाचतात. वाचनातील खरी अडचण अक्षर ओळखण्याची नसते. कार्डावर दोन प्रकारच्या तारखा असतात : घडून गेलेल्या आणि ठरवून दिलेल्या. मूळ कार्डावर त्यांतला फरक शाई, पेन्सिल, सही आणि रकाना यांवरून कळतो. फोटोत यातल्या बऱ्याच खुणा पुसट होतात.

उगम : दोन प्रकारच्या तारखा एकाच कागदावर कशा आल्या, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार कार्डाचा पूर्वज म्हणजे देवीच्या लसीचा दाखला. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने बालकांना देवीची लस सक्तीची झाली आणि ती टोचल्याचा दाखला देण्याची पद्धत रूढ झाली. हा दाखला फक्त मागे पाहणारा होता : लस टोचली, ती लागू पडली, एवढेच तो सांगे. दुसऱ्या मतानुसार आजचे कार्ड ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांच्या बालकाच्या वाढीच्या तक्त्यातून आले. हा तक्ता त्यांनी नायजेरियातील कामातून, साधारणपणे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काळात, विकसित केला. तो दवाखान्यात न राहता आईजवळ राही, महिन्यागणिक पुढे भरत जाई आणि त्यावर लसींनाही जागा असे. जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाल्यावर ‘घरी ठेवण्याची नोंद’ हा प्रकार बहुतेक देशांत पोचला. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. ‘पुढची भेट’ हा रकाना दाखल्यात असण्याचे कारण नव्हते. तो आईच्या हाती राहणाऱ्या कागदालाच लागतो. मात्र सही, शिक्का आणि बॅच नंबर यांचा आग्रह दाखल्याकडून आला असावा. वाचणाऱ्याला हा भेद रोज उपयोगी पडतो. ज्या तारखेजवळ दाखल्याच्या खुणा आहेत ती दिलेल्या डोसची आणि जिच्याजवळ त्या नाहीत ती बहुधा ठरवलेल्या भेटीची, असे धरून वाचायला सुरुवात करता येते.

वेळापत्रक आणि मोजणी : कार्ड वाचण्याआधी ते कोणत्या वेळापत्रकाचे आहे हे ठरवावे लागते. अनेक देशांत प्राथमिक डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, ब्रिटनमध्ये ८, १२ आणि १६ आठवड्यांना, तर अमेरिकेत २, ४ आणि ६ महिन्यांना. ओळींची छापील नावे आणि वये पाहून हे लगेच कळते; फोटोत शीर्षकाची ओळ कापली गेली असेल, तर तेवढा भाग पुन्हा मागवलेला बरा.

आठवडे दिवसांत मोजायचे आणि महिने पंचांगाप्रमाणे. ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस, १० म्हणजे ७० आणि १४ म्हणजे ९८. ‘१४ आठवडे म्हणजे साडेतीन महिने’ असे धरले की तारीख आठवडाभर सरकते. आठवड्यांत मोजलेली प्रत्येक देय तारीख जन्माच्याच वारी येते, त्यामुळे बेरीज चुकली की वारावरून लगेच लक्षात येते. एकाच लसीच्या प्राथमिक डोसांमध्ये साधारणपणे किमान ४ आठवड्यांचे, म्हणजे २८ दिवसांचे अंतर लागते. डोस उशिरा झाला, तर मालिका पहिल्यापासून सुरू करत नाहीत. पुढचा डोस मात्र जन्मतारखेवरून न मोजता शेवटच्या डोसवरून मोजावा लागतो. यादी करणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण कार्डावर छापलेले वय डोळ्यांसमोर राहते आणि उशीर झाल्याचे विसरायला होते.

कालगणनाही तपासावी लागते. इथिओपियातील वर्ष ग्रेगरियन वर्षापेक्षा ७ किंवा ८ ने मागे असते, थायलंडमधील बौद्ध वर्ष ५४३ ने पुढे आणि नेपाळमधील विक्रम संवत सुमारे ५७ वर्षांनी पुढे. अशा कार्डावर दोन अंकी वर्ष लिहिलेले असेल, तर मूल अजून जन्मले नसल्याचे किंवा तरुण झाल्याचे निघते. गफलत मोठी असल्याने ती निदान लपत नाही. दिवस आधी की महिना आधी, ही गफलत मात्र लपून राहते. त्यावर उपाय म्हणजे त्याच कार्डावर १२ पेक्षा मोठा अंक असलेली एखादी तारीख शोधायची. तिच्यातला मोठा अंक ज्या जागी आहे, ती जागा दिवसाची. एका हाताने लिहिलेल्या बाकीच्या तारखा मग त्याच क्रमाने वाचाव्यात.

फोटोमुळे होणारे दोष : कॅमेरा तिरका धरला की उजवीकडच्या ओळी वरखाली झाल्यासारख्या दिसतात आणि पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील संयुक्त लसीची तारीख पोलिओच्या ओळीत वाचली जाते. म्हणून नजर तारखेवरून लसीच्या नावाकडे न नेता नावापासून निघून छापील रेघ धरत तारखेपर्यंत न्यावी. घडीवर आलेला अंक अर्धाच उरतो. आंतरराष्ट्रीय अंकांतले तीन आणि आठ, एक आणि सात अशा वेळी वेगळे करता येत नाहीत. देवनागरीत घाईने लिहिलेल्या १ आणि ९ चे तसेच होते. प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढला असेल, तर दिव्याच्या चमकेत अख्खा चौकोन पांढरा पडतो, आणि पांढरा चौकोन म्हणजे रिकामा चौकोन नव्हे. कार्डाची मागची बाजू अनेकदा पाठवलेलीच नसते.

फोटो कधी काढला हे कळले तर फार मदत होते, कारण त्या दिवसानंतरची कोणतीही तारीख दिलेल्या डोसची असू शकत नाही. काही संदेशसेवा फोटोसोबतची ही माहिती काढून टाकतात. तेव्हा ती पालकांना विचारावी. फोटो पाठवल्याचा दिवस आणि काढल्याचा दिवस एकच असेल असे धरू नये.

उदाहरण : पुढील कार्ड समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे. वेळापत्रक जन्म, ६, १०, १४ आठवडे आणि ९ महिने असे आहे. जन्मतारीख १२ मार्च २०२४, मंगळवार. फोटो २० जून २०२४ रोजी काढलेला असून तो वाचायला ६ ऑगस्टला मिळाला.

जन्माच्या चौकोनात बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपॅटायटिस-बी यांपुढे १३ मार्च आहे आणि सही आहे. पहिल्या भेटीच्या ओळींत पेंटाव्हॅलंट-१ आणि पोलिओ-१ पुढे ३० एप्रिल आहे. ६ आठवडे २३ एप्रिलला भरत होते, म्हणजे डोस आठवडाभर उशिरा झाला. त्यात काही बिघडले नाही, पण पुढची भेट आता मूळ हिशेबातल्या २१ मेऐवजी ३० एप्रिलपासून २८ दिवसांनी, म्हणजे २८ मेला येते.

पेंटाव्हॅलंट-२ पुढची तारीख नेमकी घडीवर आहे. महिना मे आहे, दिवसाचा पहिला अंक दोन आहे, दुसरा तीन किंवा आठ. २३ मे असेल, तर अंतर २३ दिवसांचे भरते आणि तो डोस वेळेआधी दिलेला ठरून हिशेबात धरता येत नाही. २८ असेल, तर डोस बरोबर दिवशी आहे. म्हणजे एका अर्धवट अंकावर बालकाला एक जादा सुई टोचली जाणे न जाणे अवलंबून आहे. ‘आठच असणार’ असे मनाने ठरवणे योग्य नाही. पुरावा कार्डावरच शोधावा. त्याच भेटीचा पोलिओ-२ घडीपासून दूर आहे आणि तिथे २८ मे स्पष्ट वाचता येते. सत्राचा वारही जुळतो : ३० एप्रिल आणि २८ मे हे दोन्ही मंगळवार, २३ मे गुरुवार. दोन स्वतंत्र खुणा एकाच बाजूला असल्याने २८ मे धरता येते, पण यादीत त्यापुढे ‘अंक अस्पष्ट, पोलिओच्या ओळीवरून ठरवला’ असा शेरा लिहावा, म्हणजे पुढचा माणूस हवे तर मूळ कार्ड पाहील.

पेंटाव्हॅलंट-३ पुढे २५ जून आहे. घाईने वाचणारा इथे तीनही डोस पूर्ण झाल्याचे लिहितो. पण २८ मेनंतर बरोबर २८ दिवसांनी २५ जून येते, अक्षर फिकट आहे, शेजारी सही नाही आणि बॅचचा चौकोन रिकामा आहे. शिवाय फोटो २० जूनचा. ही ठरवून दिलेली तारीख आहे.

यादी अशी होईल : दिलेले डोस, २० जूनपर्यंत : बीसीजी, हेपॅटायटिस-बीचा जन्मडोस आणि पोलिओ-० (१३ मार्च), पेंटाव्हॅलंट-१ व पोलिओ-१ (३० एप्रिल), पेंटाव्हॅलंट-२ व पोलिओ-२ (२८ मे, शेऱ्यासह). देय : पेंटाव्हॅलंट-३ व पोलिओ-३, २५ जूनपासून. त्यानंतर गोवराचा पहिला डोस, ९ महिने पूर्ण झाल्यावर, १२ डिसेंबर २०२४. तिसऱ्या डोसपुढे ‘चुकला’ असे लिहू नये. फोटो आणि वाचन यांत जवळपास सात आठवडे गेले आहेत आणि तेवढ्यात तो होऊनही गेला असेल. ‘फोटोच्या दिवसापर्यंत झाला नव्हता, नवा फोटो मागवला’ एवढेच या कागदावरून म्हणता येते.

मर्यादा : फोटोवरून यादी होते, पात्रता ठरत नाही. रोटाव्हायरससारख्या लसीला वयाची वरची मर्यादा असते आणि ती देशागणिक वेगळी आहे. ती ओलांडल्यावर राहिलेला डोस देय यादीत लिहू नये. टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी दिल्या नसतील, तर त्यांच्यातही किमान ४ आठवडे लागतात, म्हणून गोवराची तारीख काढताना बाकीच्या ओळीही पाहाव्या लागतात. बीसीजीची नोंद असून दंडावर व्रण नसल्यास नोंदच प्रमाण मानतात. केवळ व्रण नाही म्हणून लस पुन्हा देण्याची शिफारस नाही. एकाच डोसच्या दोन तारखा आढळल्यास केंद्रातील नोंदवही पाहावी.