बास बूस्ट: वाढवलेला आवाज जातो कुठे?

चवथीच्या दिवसांत घुमट आरतीची रेकॉर्डिंग फोनाफोनांवर फिरतात. फोंडा असो की डिचोली, ऐकणाऱ्यांची तक्रार एकच: घुमटाचा दणका येत नाही, नुसतीच कासाळी झणझणतात. मग कुणीतरी इक्वलायझर उघडून बास बूस्ट लावतो.

इक्वलायझर जन्माला आला तो तूट भरून काढायला. टेलिफोनच्या लांब तारांतून जाताना आवाजातले वरचे सूर जास्त क्षीण होत. ते पुन्हा सारखे करणारी मंडले अभियंत्यांनी बसवली. तूट कानातही असते, हे 1933 साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले. आवाज हळू केला की खालचे सूर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ बटण त्याचसाठी होते, आणि ते योग्यच होते. 1952 साली पीटर बॅक्सांडॉल यांनी बास-ट्रेबलचे सुटसुटीत सर्किट प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही दोन बटणे घरोघरच्या रेडिओ-टेपवर आली. नव्वदच्या दशकाअखेर विनॅम्पमध्ये दहा पट्ट्या आणि ‘रॉक’, ‘पॉप’ असे तयार प्रीसेट मिळाले. 2010 च्या अँड्रॉइड 2.3 पासून बास बूस्ट फोनच्या प्रणालीतच आला.

इथेच घोळ झाला. प्रीसेटला गाण्याचे नाव असते, पण आवाज नेमका कुठे तुटतो आहे हे त्याला ठाऊक नसते.

आरतीवर 60 हर्ट्झची पट्टी 6 डेसिबलने चढवली, तर त्या भागातल्या लहरीची उंची दुप्पट होते. फोनच्या स्पीकरचा एवढासा पडदा तेवढी हवा हलवूच शकत नाही. काही शे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. त्यामुळे वाढवलेला दणका बाहेर येत नाही, पण डिजिटल मर्यादेतली जागा मात्र खातो. मग लहरींची टोके कापली जाऊन आवाज फाटतो, नाहीतर फोनमधला लिमिटर सगळेच दाबतो. ओळखायचे कसे? प्रत्येक थापेला गाणाऱ्यांचा आवाज क्षणभर बसतो का, ते ऐका.

घुमट त्या स्पीकरवर थोडाफार ओळखू येतो तो थापेतल्या वरच्या अंशस्वरांमुळे. त्यांवरून कान खालचा स्वर स्वतःच जुळवतो. म्हणून फोनवर 60 ची पट्टी शून्यावर ठेवून 230 च्या आसपासची दोन-तीन डेसिबल उचलावी. फरक माफक पडेल, पण पडेल.

इअरबडचे प्रकरण निराळे. तो खालचे सूर व्यवस्थित देतो, फक्त कानात घट्ट बसायला हवा. फट राहिली की आधी बासच निसटतो. बोटाने बड हलकेच आत दाबा; घुमट एकदम भरून आला, तर रबरी टोपी एक माप मोठी घ्या आणि बूस्ट बंद ठेवा. बड नीट बसूनही दणका कमीच वाटला, तर बूस्ट लावा, पण सगळ्या पट्ट्यांआधीचा प्रीअ‍ॅम्प तेवढ्याच डेसिबलने खाली आणा.