बॅटरीचे भाडे आणि बॅटरीची किंमत: एक खुलासा

“बॅटरी भाड्याने घेतली की इलेक्ट्रिक गाडी स्वस्तच पडते ना?”

स्वस्त होते ती फक्त सुरुवातीची किंमत. समजा, बॅटरीची किंमत प्रतिकिलोमीटर भाड्याच्या १ लाख पट आहे. तर महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचे भाडे, व्याज बाजूला ठेवल्यास, १०० महिन्यांत त्या किमतीला गाठते, पण करारात किमान १,५०० किलोमीटरची अट असेल (ती आधी वाचाच), तर न चाललेल्या ५०० किलोमीटरचेही पैसे जातात आणि तीच वेळ ६७ महिन्यांवर येते. पुढेही भाडे सुरूच राहते.

खरी अडचण गाडी विकताना येते. युरोपात भाड्याच्या बॅटरीची जुनी रेनो झोई घेणाऱ्याला तो करारही स्वतःच्या नावावर घ्यावा लागे, त्यामुळे गिऱ्हाईक कमी मिळे. क्षमता घटल्यास बॅटरी बदलून मिळण्याची हमी करारात असेल, तर तेवढा फायदा मात्र खरा आहे.